मृत्युपत्रात फक्त हयातीचा हक्क, आणि घर विकायचे आहे: गोव्यातील विधवेसाठी वाट

नवऱ्याने नोटरीपुढे मृत्युपत्र केले: "माझ्या पश्चात घराचा उपभोग माझ्या पत्नीने तहहयात घ्यावा, तिच्यानंतर घर माझ्या मुलाचे." तो गेल्यावर काही वर्षांनी घर मोठे वाटू लागते, कौले गळतात, मुलगा फोंड्यात फ्लॅट घेऊन राहतो, आणि गिऱ्हाईक दारात येते. घरातले सगळे म्हणतात, "आईच्या नावावर काही नाही, फक्त राहायचा हक्क आहे, सही मुलाची लागेल." गोव्यात हे वाक्य बहुतेक वेळा निम्मे चुकीचे असते. व्यवहार अडकतो तो या चुकीच्या निम्म्यामुळे.

इंटरनेटवर मराठीत मिळणारे बरेच सल्ले महाराष्ट्रातले आहेत. त्यांत हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ची चर्चा असते, की विधवेचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा होतो की नाही. गोमंतकीयांच्या बाबतीत ती बाजूला ठेवा. हा कायदा गोव्यात लागू केलेला नाही. इथे कुटुंब आणि वारसा यांची चौकट १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आली आहे आणि धर्म कोणताही असो, ती सर्वांना सारखी आहे. वारसा, नोटरी आणि वाटणीसंबंधीचा गोव्याचा स्वतःचा कायदा २०१२ चा आहे, तो अमलात आला २०१६ मध्ये. नवरा ज्या तारखेला गेला त्या दिवशीचा कायदा वारशाला लागतो, म्हणून मृत्यूचा दाखला वकिलाच्या टेबलावर सर्वांत आधी ठेवावा. जोडपे मूळचे गोव्याबाहेरचे असेल आणि इथे फक्त घर घेतले असेल, तर पुढचा हिशेब त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही.

पहिली पायरी: मृत्युपत्रातले नेमके वाक्य

मृत्युपत्र नोटरीच्या वहीत झाले असेल तर तालुक्याच्या नोटरी कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत काढा. घरातली झेरॉक्स पुरत नाही. तिच्यात शेवटची पाने नसणे, किंवा नंतर केलेले दुसरे मृत्युपत्र कोणालाच माहीत नसणे, हे दोन्ही घडते. नंतरचे मृत्युपत्र आधीचे रद्द करू शकते, म्हणून त्याचा शोध घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता वाक्य वाचा. "उपभोग", "उत्पन्न" किंवा जुन्या कागदात "उझुफ्रुतु" असा शब्द असेल, तर बाईला घर वापरण्याचा, भाड्याने देण्याचा आणि त्याचे उत्पन्न घेण्याचा हक्क आहे. हा हक्क तिला दुसऱ्याला विकताही येतो, पण घेणाऱ्याकडे तो तिच्या हयातीपुरताच राहतो. ती गेली त्या दिवशी तो संपतो. त्यामुळे एकटा उपभोग विकत घ्यायला कोणी शहाणा माणूस पुढे येत नाही, बँक तर नाहीच. याउलट वाक्यात फक्त "राहावे" किंवा "निवास करावा" एवढेच असेल, तर तो हक्क तिच्या अंगाला चिकटलेला आहे, तो कोणाला देता येत नाही. दोन्ही बाबतींत पूर्ण घर विकताना तिची सही लागतेच. फरक पडतो तो पैशाच्या वाटणीच्या वेळी.

आणखी दोन गोष्टी शोधा. काही मृत्युपत्रांत "गरज पडल्यास विकण्याचा अधिकार पत्नीस आहे" असे असते. तसे असेल तर चित्र बरेच सोपे होते, मात्र त्या अधिकाराच्या अटी अक्षरशः पाळाव्या लागतात. दुसरे म्हणजे, पश्चात घर कोणाला? मुलाचे नाव घालून दिले असेल तर आज सही करणारा माणूस ठरलेला आहे. पण "तिच्यानंतर त्या वेळी हयात असतील त्या मुलांना" असे लिहिले असेल, तर तो माणूस तिच्या मृत्यूच्या दिवशीच ठरणार. आज सगळ्या मुलांनी सह्या केल्या तरी खरेदीदाराच्या मनातली शंका जात नाही. अशा मृत्युपत्रावर न्यायालयाबाहेर घाईने व्यवहार करू नये.

दुसरी पायरी: लग्नाची नोंद काढा

ही पायरी लोक गाळतात. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते. लग्नानंतर घेतलेलीच नव्हे, तर लग्नाआधीची आणि वारशाने आलेलीही. वारशात बायको या निम्म्याला वारसदार म्हणून येत नाही. ते निम्मे आधीपासूनच तिचे असते, नवरा जिवंत असतानाही. जुन्या पोर्तुगीज कागदांत अशा बाईला "मेएइरा" म्हणजे निम्म्याची धनीण म्हणतात.

मग नवऱ्याच्या मृत्युपत्राला पोहोचायला उरते काय? त्याचे निम्मे. आणि तेही सगळे नाही. मुले असतील तर त्याच्या वारशाचा निम्मा भाग कायद्याने मुलांचा, मुलगा-मुलगी समान. मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही. उरलेल्या अर्ध्यावरच मृत्युपत्र मनाप्रमाणे चालते.

म्हणून नागरी नोंदणी कार्यालयातून विवाहाची नोंद काढा आणि लग्नापूर्वी करार झाला होता का ते पाहा. करार असेल तर त्याची प्रत काढा. एखादी मालमत्ता देणाऱ्याने "फक्त यालाच, जोडीदाराला नाही" अशा अटीने दिली असेल, तर ती सामायिक होत नाही. शिवाय मृत्युपत्राच्या वेळी बायकोने नोटरीपुढे संमती दिली होती का तेही तपासा. घर दोघांचे असताना एकट्या नवऱ्याने पूर्ण घराची विल्हेवाट लावायची तर तिच्या संमतीला फार वजन येते.

विधवेसाठी एक सावधगिरी. घरातले कोणी "फक्त औपचारिकता आहे" म्हणून कागद पुढे करते आणि त्यात लिहिलेले असते, "सदर घर माझ्या पतीच्या एकट्याच्या मालकीचे होते आणि मृत्युपत्र मला पूर्ण मान्य आहे." या एका ओळीने तिचे निम्मे वादात पडू शकते. सही करण्याआधी तिने तो कागद स्वतःच्या वकिलाला दाखवावा, मुलाच्या वकिलाला नाही.

हिशेब एका घराचा

उदाहरण घेऊ. डिचोली तालुक्यातले कौलारू घर, ठरलेली किंमत १ कोटी २० लाख. लग्नापूर्वी करार नाही. एक मुलगा, एक मुलगी, दोघेही विवाहित. नवऱ्यामागे घराखेरीज काही नाही, कर्जही नाही. मृत्युपत्र वर दिले तसेच: बायकोला तहहयात उपभोग, पश्चात मुलाला. मुलीचे नावही नाही.

निम्मे, म्हणजे ६० लाखांचा भाग, आईचा स्वतःचा. नवऱ्याचे ६० लाखांचे निम्मे. त्यातले अर्धे, ३० लाख, मुलांचा राखीव भाग: १५ मुलाचे, १५ मुलीचे. उरलेल्या ३० लाखांच्या भागावर मृत्युपत्र चालते. त्यावर उपभोग आईचा आणि नुसती मालकी मुलाची. म्हणजे ज्या आईला "फक्त राहायचा हक्क" म्हणत होते, ती अर्ध्या घराची पूर्ण मालकीण आहे आणि आणखी पाव घरावर तिचा उपभोग आहे. ज्या मुलीचे नावही नाही, तिचा आठवा हिस्सा आहे.

इथे एक खाच आहे. राखीव भाग फक्त घरावर मोजत नाहीत, नवऱ्याच्या सगळ्या वारशावर मोजतात, आणि हयातीत मुलांना दिलेली मोठी बक्षिसेही हिशेबात येतात. मुलीला काही वर्षांपूर्वी प्लॉट दिला असेल, तर तिचा घरातला भाग कमी होऊ शकतो किंवा उरणारही नाही. म्हणून घर विकण्याच्या घाईत असतानाही नवऱ्याच्या सगळ्या मालमत्तेची यादी आधी करावी लागते.

तिसरी पायरी: वारस ठरवणे

सगळे एकमताचे असतील तर तालुक्याच्या नोटरी कार्यालयात वारसनोंदीचा दस्त करतात. लोक त्याला सक्सेशन डीड म्हणतात, जुने लोक "हबिलितासांव". त्यात मृत्यू, विवाह, मुलांचे जन्म, त्यांचे जोडीदार आणि मृत्युपत्राचा उल्लेख येतो. साक्षीदार लागतात आणि त्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते, हरकतींसाठी मुदत असते. ती मुदत संपेपर्यंत गिऱ्हाइकाला थांबायला सांगा.

या दस्तात मुलांच्या जोडीदारांची नावे का येतात, हा प्रश्न प्रत्येक घरी निघतो. मुलाचे लग्नही सामायिक मालमत्तेच्या पद्धतीने झालेले असते, म्हणून त्याला आलेल्या वारशात सुनेचा वाटा असतो. तसाच मुलीच्या वाट्यात जावयाचा. आपल्या उदाहरणात विक्रीखतावर सह्या पाच: आई, मुलगा, सून, मुलगी, जावई. एकाने सही नाकारली की गाडी थांबते. सुनेचा मुलाशी घटस्फोटाचा दावा चालू असेल तर आधी तिच्या वकिलाशी बोलणे भाग आहे.

एकमत नसेल, किंवा वारसांत अल्पवयीन असेल, तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीची कारवाई करावी लागते. त्यात मालमत्तेची यादी सादर होते, किंमत ठरते, वाटे पडतात, आणि घर वाटता येत नसेल तर वारसांमध्ये बोली लागते. बहुधा विधवाच "काबेसा द काझाल", म्हणजे वारशाची कारभारीण, म्हणून नेमली जाते. त्या पदाने तिला घर सांभाळायचा अधिकार मिळतो, विकायचा नाही. या पदाच्या कागदावर विक्रीचा करार करणारे भेटतात, म्हणून मुद्दाम सांगितले. वारसांतल्या अल्पवयीनाचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते.

मुलगी "मला काही नको" म्हणाली तर? वारसा नाकारता येतो, पण पूर्णच, तुकड्याने नाही. "माझा वाटा दादाला" असे लिहून नाकारले तर ते नाकारणे राहत नाही, ते घेऊन दिल्यासारखे होते. त्यासाठी वेगळा बक्षीसदस्त किंवा हक्क हस्तांतर करावे लागते आणि त्यावर मुद्रांक शुल्काचा प्रश्न येतो. सगळ्यांनी मिळून विक्रीखतावर सही करणे आणि मग मुलीने स्वतःच्या खात्यातून आईला किंवा भावाला काय द्यायचे ते देणे, हे सहसा सरळ पडते.

चौथी पायरी: जमिनीचे कागद

नोंदी पाहताना ग्रामीण भागात फॉर्म १ व १४, शहरी भागात सिटी सर्व्हेचे कागद, सर्व्हेचा नकाशा आणि जमीन नोंदणी कार्यालयातली जुनी वर्णन व नोंदीची प्रत काढा. पंचायतीची घरपट्टी कोणाच्या नावे येते तेही पाहा.

फॉर्म १ व १४ वर फक्त आईचे नाव चढले आहे, म्हणून ती पूर्ण मालकीण, असे समजून करार होतात. मामलेदाराकडचे म्युटेशन म्हणजे महसुलाची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. उलटही घडते: तिथे एकट्या मुलाचे नाव चढलेले असते आणि आईचे निम्मे दिसतच नाही. दोन्ही वेळा शोध घेणारा वकील विवाहाची नोंद मागतो आणि व्यवहार तिथे उभा राहतो. जमिनीत मुंडकाराचे घर आहे का ते स्वतः जाऊन पाहा. १९७५ च्या मुंडकार कायद्याचे संरक्षण असलेला माणूस घर विकले म्हणून जात नाही, आणि खरेदीदाराला हे नंतर कळले तर भाव पाडायला त्याला आयते निमित्त मिळते.

पाचवी पायरी: इसार घेताना

सर्वांत महाग चूक इथे होते. गिऱ्हाईक चांगले म्हणून आई एकटी करारावर सही करते, दहा-बारा लाख इसार घेते, आणि त्या पैशातून दुसरीकडे फ्लॅटची बुकिंग करते. मग जावई सही नाकारतो. आता इसार परत करायचा आहे आणि हातात पैसे नाहीत. तिच्या निम्म्या हिश्श्यापुरता करार तरी पूर्ण करा, असा दावा खरेदीदार लावू शकतो, आणि अनोळखी माणूस घराचा सहमालक होऊन बसतो.

म्हणून विक्रीच्या करारावरही सगळ्यांच्या सह्या घ्या. कोणी परदेशात असेल तर आधी मुखत्यारपत्र हातात घ्या. पोर्तुगाल किंवा इंग्लंडमध्ये केलेले मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात केलेले, किंवा तिथल्या नोटरीपुढे करून अपोस्टील केलेले असावे. भारतात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या. त्यात घराचा सर्व्हे नंबर आणि विकण्याचा, पैसे स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट असावा. "माझी सर्व कामे" असे मोघम कागद उपनिबंधक परत करतो.

सहावी पायरी: दस्तात काय लिहावे, पैसे कसे वाटावेत

दस्तात आईची ओळख दोन नात्यांनी द्या: निम्म्या हिश्श्याची मालकीण, आणि मृत्युपत्रानुसार उपभोगाची हक्कदार. मुलगा-सून राखीव हिश्श्याचे मालक आणि उपभोगाखालच्या भागाचे नुसते मालक. मुलगी-जावई राखीव हिश्श्याचे मालक. आईचा उपभोग या दस्ताने संपला आणि खरेदीदाराला बोजाविरहित पूर्ण मालकी मिळाली, हे वाक्य वेगळे घालायला विसरू नका. उपभोग राहिला असेल तर खरेदीदाराची बँक कर्ज देत नाही.

आता ते ३० लाख, ज्यांवर उपभोग आईचा आणि मालकी मुलाची. सगळे मुलाला देणे आईवर अन्याय, सगळे आईला देणे मुलावर. सोपा मार्ग म्हणजे ती रक्कम मुदत ठेवीत टाकून व्याज आईला, मुद्दल तिच्या पश्चात मुलाला. ६.५ टक्क्याने वर्षाला १ लाख ९५ हजार, महिन्याला सुमारे १६,२५० रुपये. पैसे लगेच वाटायचे असतील तर उलटा हिशेब करा. आई साधारण १२ वर्षे उपभोग घेईल असे दोघांनी धरले, तर आज किती रक्कम ६.५ टक्क्याने १२ वर्षांत ३० लाख होईल? सुमारे १४ लाख १० हजार. तो मुलाचा आजचा वाटा, आणि राहिलेले १५ लाख ९० हजार आईच्या उपभोगाची किंमत. मुदत २० वर्षे धरली तर आईचे सुमारे साडेएकवीस लाख होतात. वर्षे आणि व्याजदर हे तडजोडीचे आकडे आहेत, पण मान्य झाले की लिहून त्यावर सह्या घ्या. मृत्युपत्रात नुसताच "राहण्याचा हक्क" असेल तर हा हिशेब त्याला तसाच लावता येत नाही, कारण भाड्याचे उत्पन्न तिचे नव्हते. तरी ती हक्क सोडून घर रिकामे करते त्याचा मोबदला मागू शकते.

खरेदीदाराने प्रत्येकाच्या खात्यावर वेगळा धनादेश द्यावा आणि क्रमांक दस्तात उतरवावेत. सगळे पैसे मुलाच्या खात्यावर घेऊन "मग वाटू" असे केले, तर पुढे आयकराच्या नोटिशीला उत्तर देताना कोणाचा नफा कोणाचा हे सिद्ध करणे अवघड जाते. एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने १ टक्का कर खरेदीदार कापतो, मुलीचे १५ लाखच असले तरी तिच्याही रकमेतून, आणि तो प्रत्येक विक्रेत्याच्या पॅनवर वेगळा भरावा लागतो. विक्रेता अनिवासी असेल, किंवा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन तिकडे स्थायिक झालेला असेल, तर १ टक्क्याने भागत नाही. कपात बरीच जास्त असते आणि कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधीच मागवावा लागतो. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज इसाराच्या दिवसातच करा.

पोर्तुगीज संहितेखालच्या जोडप्यांसाठी आयकर कायद्यात खास तरतूद आहे: पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत निम्मे धरतात. त्यामुळे मुलाच्या वाट्याचा भांडवली नफा अर्धा सुनेच्या विवरणपत्रात जातो, मुलीचा अर्धा जावयाच्या. आई आता एकटी असल्याने तिचा पूर्ण नफा तिच्याच विवरणपत्रात. घर २००१ पूर्वीचे असेल तर १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यमापकाकडून विक्रीआधी करून घ्या. घर पाडले गेल्यावर कौलांचे आणि भिंतींचे मोजमाप कोणी करू शकत नाही.

मुदत ठेवीचा मार्ग घेतला असेल तर एक शेवटची तांत्रिक बाब. ठेव आईच्या एकट्या नावावर उघडून मुलाला फक्त नॉमिनी केले, तर कायद्याच्या नजरेत ते पैसे आईचे दिसतात आणि तिच्या पश्चात मुलगीही त्यात हिस्सा मागू शकते. ठेव मुलाच्या मालकीची, व्याज आईच्या खात्यावर, आणि आईच्या हयातीत मुदतपूर्व मोडायची नाही, असा तिघांच्या सह्यांचा कागद विक्रीखताच्या दिवशीच करून घ्या. बँक तो कागद मागत नाही, म्हणूनच तो करायचा राहून जातो.